टाकी भरलेली होती

मी चिडका माणूस आहे. हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली, पण आमच्या इमारतीतल्या लोकांना ते मी राहायला आलो त्याच आठवड्यात कळलं होतं. रिक्षावाला, वॉचमन, बँकेत टोकन देणारा, फोनवर 'थोडा वेळ थांबा' म्हणणारी ध्वनिमुद्रित बाई, यांपैकी मी कोणालाही सोडलेलं नाही. एवढ्या वर्षांच्या ओरडण्यात एकदाच मला वाटलं होतं की ओरडलो म्हणून काम झालं. ते काम वॉशिंग मशीनचं होतं.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यामध्ये अजून ज्वारीची शेतं शिल्लक होती. मी तिथल्याच एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी निस्तरायचो. ऑफिसपासून दहा मिनिटांवर सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. वर कोणी नाही, डोक्यावर पावलं नाहीत, म्हणून मुद्दाम वरचा. डोक्यावर होत्या त्या फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या. बिल्डरने त्यांच्यासाठी वेगळा मनोरा बांधायचा खर्च वाचवला होता आणि गच्चीवर वीतभर उंचीचा विटांचा ओटा करून त्यावरच त्या मांडल्या होत्या. मला त्याचं तेव्हा काहीही वाटलं नाही. उलट वाटलं, टाकी अगदी डोक्यावर आहे, आपल्याला पाण्याची काय चिंता.

आई नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. मी एकटा, ती एकटी. तीस वर्षं तिने रोज स्वतःचा पांढरा गणवेश स्वतः धुतला होता, नीळ घालून, कडक कांजी करून. दुसऱ्याच्या हातचं धुणं तिला पसंत पडायचं नाही, त्यामुळे धुण्याला बाई लावायचा विषय काढला की ती दुसऱ्या खोलीत निघून जायची. मग तिचा उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिले आणि बजावून सांगितलं की पिळायचं नाही, बादली उचलायची नाही, भरलेलं काहीही त्या हाताने वर न्यायचं नाही. एवढं पाळलं तर हात पुन्हा पूर्ण वर जाईल, नाही पाळलं तर खांदा आहे तिथेच गोठेल.

मी पंधरा दिवस इंटरनेटवर वाचून पुढून दार उघडणारं, पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घेतलं. कपडे टाका, बटण दाबा, वाळत घाला. ड्राय बाल्कनीत ते बसवलं तेव्हा आईने काचेच्या गोल दारावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. दवाखान्यात असं असतं तर आम्ही नाचलो असतो."

पहिली दोन धुणी सकाळी लवकर लावली होती, ती बरी गेली. तिसरं दुपारी लावलं. मशीनने कपडे दोनदा उलटेसुलटे केले, आत पाण्याची बारीकशी चुळचुळ ऐकू आली, आणि सात-आठ मिनिटांनी ते पिप्-पिप् करून थांबलं. पडद्यावर दोन अक्षरं आली. पुस्तिकेत त्यांचा अर्थ होता की ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही. बंद करून पुन्हा लावलं तर या खेपेला चाललं, पण तासाभराचं काम तीन तास पुरलं. पडद्यावर 'अठरा मिनिटं बाकी' असं अर्धा तास दिसत होतं. मी समोर स्टूल टाकून बसलो होतो. दर वेळी कपडे खळबळायला नवं पाणी घ्यायची वेळ आली की ते वाट बघत बसायचं, आणि त्याच्यासमोर मी.

मशीनच्या कंपनीचा माणूस आला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, हातात जुनी चामडी पिशवी. पूर्वी बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता, हे त्याने न विचारता सांगितलं आणि मी न ऐकता मान हलवली. त्याने मागचा पाईप सोडला, पाईपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून टँकरच्या पाण्याचा गाळ धुतला. मग पाईप बादलीत धरून नळ उघडला. पाणी बाहेर पडलं, पण दम नसलेलं.

"मशीन चांगलं आहे साहेब," तो म्हणाला. "पाण्याला दाब नाही. आतला व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाने उघडतो. दाब कमी पडला की अर्धाच उघडतो."

"बाथरूमचा नळ बघा," मी म्हणालो. "धो-धो येतं."

"नळ तुम्ही हाताने उघडता साहेब. त्याला दाब लागत नाही."

हे वाक्य मला समजायला हवं होतं. मी इंजिनिअर आहे. पण समजून घेण्यापेक्षा मला राग जास्त आला. मी त्याला जवळजवळ ओढतच गच्चीवर नेलं, टाकीचं झाकण उघडलं आणि आत बोट दाखवलं. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"हे काय आहे? पाणीच आहे ना?"

"पाणी भरपूर आहे," तो म्हणाला. "उंची नाही. खालच्या मजल्यावर हेच मशीन धडाक्यात चालेल. तुमच्यासाठी गच्चीवर छोटा प्रेशर पंप लावा. तेवढाच उपाय आहे."

मला ती शुद्ध टोलवाटोलवी वाटली. माल यांनी विकायचा आणि दोष आमच्या टाकीला. तरी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. हे गृहस्थ आयुष्यभर सदाशिव पेठेत राहून मुलाच्या आग्रहाने इकडे आले होते आणि त्याचा सूड आमच्यावर उगवत होते. जिन्यातल्या प्रत्येक फळ्यावर त्यांच्या सुबक अक्षरातली एक सूचना असायची.

"मोटर लावायला सोसायटीत बंदी आहे," ते म्हणाले. "सूचना लावलेली आहे. आपण वाचली नसेल."

"ही मोटर नाही, पंप आहे."

"पंपाला मोटर नसते, हे मला आज कळलं."

यावर मी जे बोललो त्यात पंपाचा उल्लेख फारसा नव्हता. त्यांच्या फळ्यांचा, त्यांच्या अक्षराचा, त्यांच्या निवृत्तीचा होता. त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं. मी घरी येऊन कंपनीला फोन केला आणि तासभर एकामागून एक वरच्या माणसाला मागत राहिलो. ही कला मला नोकरीने शिकवली होती. परदेशी ग्राहक माझ्याशी असंच बोलायचे आणि मी त्यांच्यापुढे नमतं घेऊन तक्रार बंद करायचो. आता मी ग्राहक होतो. माझी पाळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस पुन्हा दारात. त्याचा चेहरा उतरला होता, हे मला दिसलं आणि बरं वाटलं. आई चहा टाकायला गेली तेवढ्यात मी त्याला स्पष्ट सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत मशीन चाललं नाही तर मी लेखी तक्रार करीन आणि तुमची नोकरी राहणार नाही. असे किती तरी घरी पाठवलेत मी. हे खोटं होतं. मी आयुष्यात कोणालाही घरी पाठवलेलं नव्हतं. मग मी ऑफिसला निघून गेलो.

संध्याकाळी आलो तर दोरीवर कपडे. आई म्हणाली, "झालं. चालते आता."

"काय केलं त्याने?"

"केलं काहीतरी. तू जेवून घे."

दुसऱ्या दिवशी धुणं झालेलं. तिसऱ्या दिवशीही. मी कंपनीच्या फोनवर समाधानी असल्याचा आकडा दाबला. ऑफिसात हा किस्सा मी किती वेळा सांगितला असेल याचा हिशेब नाही. नवीन मुलामुलींना सांगायचो की या देशात नीट बोलून काहीही होत नाही. पंप लावा म्हणत होता लेकाचा, टाकी उंच नाही म्हणत होता. दोन शब्द सुनावले आणि तीच टाकी एका दिवसात उंच झाली. लोक हसायचे. मीही हसायचो.

दीड वर्ष असं गेलं. मी सकाळी नऊला जायचो, रात्री आठला यायचो, आणि शनिवार-रविवारी आई मशीन लावायचीच नाही. मला वाटायचं, सुट्टीच्या दिवशी आवाज नको म्हणून लावत नसेल. मला शंका यावी असं काही नव्हतंच, आणि असतं तरी मी पाहिलं असतं याची खात्री नाही.

आईचा खांदा मात्र सुधारेना. आधी हात कानापर्यंत जायचा, तो खांद्याच्या रेषेत थांबायला लागला. मी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो आणि तिथेही आवाज चढवला. घरी मशीन आहे, बादली उचलायची नाही, पिळायचं नाही, मग फरक का नाही? तुमचे व्यायामच चुकीचे आहेत. बाईंनी आईकडे पाहिलं. "तुम्ही हाताने काही उचलता का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "नाही बाई." आम्ही दवाखाना बदलला. दुसऱ्या दवाखान्यातही तेच झालं, तेव्हा मी तिसरा शोधायला लागलो.

त्याच सुमारास आईने केस कापले. कमरेपर्यंतचे केस होते तिचे, जन्मभर अंबाडा घातलेला. एक दिवस संध्याकाळी घरी आलो तर मानेपर्यंत कापलेले. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "वा, खराडीत राहून आयटीवाली झालीस की." ती हसली आणि मानेवरून हात फिरवायला गेली, डावा हात.

मग माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि आई आठवड्याभरासाठी नागपूरला गेली. चौथ्या दिवशी माझे शर्ट संपले. मी मशीन लावलं. आत तीच चुळचुळ, सात-आठ मिनिटं, आणि पिप्-पिप्. पडद्यावर तीच दोन अक्षरं, दीड वर्षानंतर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वॉरंटी बहुतेक सरली असणार, नेमकी आताच. मी कंपनीला फोन लावला आणि जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तोच माणूस आला. केस आणखी पांढरे, पिशवी तीच. मी दारातच सुरुवात केली. दुरुस्ती म्हणजे काय केलं होतंत, दीड वर्षात पुन्हा तेच, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग चप्पल काढून आत आला, मशीनकडे न जाता स्वयंपाकघरात डोकावला आणि म्हणाला,

"मावशी घरी नाहीत का?"

"नागपूरला गेल्यात. त्यांचा काय संबंध?"

"मग नाही चालणार साहेब," तो म्हणाला. "मावशी असल्या तरच चालतं."

मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. तो ड्राय बाल्कनीत गेला. मशीन आणि भिंत यांच्या फटीत हात घालून त्याने एक प्लास्टिकचा मग बाहेर काढला. कान तुटलेला, जुना, मी कधी न पाहिलेला. बाजूची बादली त्याने बाथरूमच्या नळाखाली भरून आणली, मशीन सुरू केलं, आणि पावडर टाकायचा वरचा कप्पा पुढे ओढून त्यात मगाने पाणी ओतायला लागला. एक मग, दुसरा, तिसरा. पंधरा-सोळा झाले. आतून खट् आवाज आला. मशीन गरगर फिरायला लागलं.

"पाणी कुठून आलं ते मशीनला कळत नाही," तो म्हणाला. "पातळी आली की पुढे जातं. मग खळबळायचं पाणी, तेव्हा पुन्हा ओतायचं. तीन वेळा. एका धुण्याला साडेतीन-चार बादल्या जातात."

"हे तिला तुम्ही शिकवलंत?"

"मी शिकवलं नाही. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी त्यांना म्हणालो, मावशी, दाब मी कुठून आणू? माझ्या मुलीचं कॉलेज चालू आहे, साहेब लेखी देणार म्हणतात. त्या म्हणाल्या, थांबा. मशीन कुठून पाणी घेते ते दाखवा. मी कप्पा दाखवला. त्यांनी मग आणला. मी म्हणालो, मावशी, खांद्याचं दुखणं आहे ना तुमचं. तर म्हणाल्या, तुमचं काम झालं असं लिहा आणि जा भाऊ. त्याचं मी बघते." पिशवी उचलत तो म्हणाला, "मध्ये दोनदा येऊन जाळी साफ करून गेलो मी. तुम्ही ऑफिसात होतात."

मला इतका राग आला होता की तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. कंपनीवर? तिचं मशीन ठीक होतं. या माणसावर? त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, टाकीसमोर उभं राहून. आईवर? मी तिला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला.

तो गेल्यावर मी मापाची फीत घेऊन बसलो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मशीनला कमीत कमी किती दाब लागतो ते छापलेलं होतं. मी पंधरा दिवस वाचलं होतं त्यात हे पान नव्हतं. तो आकडा उंचीत मांडला तर टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापासून सोळा-सतरा फूट वर हवी. मी मोजली. टाकी रिकामी होत आली की आठ फूट, काठोकाठ भरली तरी बारा. सकाळी लवकर टाकी भरलेली असायची म्हणून ती पहिली दोन धुणी कशीबशी निभावली होती. एवढंसं गणित. शाळेतल्या मुलाला येतं. मला दीड वर्षापूर्वी एका माणसाने साध्या मराठीत सांगितलं होतं आणि मी त्याला भरलेली टाकी दाखवत होतो.

मगाचंही गणित केलं, करायला नको होतं. एका धुण्याला पन्नास-साठ मग, प्रत्येक मग जमिनीवरच्या बादलीतून छातीच्या उंचीपर्यंत, भरलेला, उजव्या हाताने. आठवड्याला पाच धुणी. पुढचं केलं नाही.

सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही. मी सांगितलं की महापालिकेच्या नळाला लावायची मोटर नव्हे, गच्चीवरच्या टाकीतून फक्त माझ्या फ्लॅटला उतरणाऱ्या पाईपवर बसणारा छोटा पंप आहे. कोणाचं पाणी ओढत नाही. माझ्या वाटणीचंच पाणी जरा जोरात खाली ढकलतो. आईच्या खांद्याचं सांगितलं. हे सगळं हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे मला स्वतःलाच ते परकं वाटत होतं.

"बंदी आहे ती रस्त्याच्या लाइनवर मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी पळवणाऱ्यांसाठी," ते म्हणाले. "हे आहे टाकीच्या पुढचं. याला कोण अडवतंय? उद्या लावा."

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"तेव्हा आपण पंपाबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त बोललात. मला वाटलं, आपल्याला पंप नकोच आहे."

दुसऱ्या दिवशी प्लंबरने दोन तासांत पंप बसवला. नळ उघडला की पाईपमधला दाब पडतो आणि पंप आपोआप घुर्र करून सुरू होतो, नळ बंद केला की थांबतो. मशीनमधली चुळचुळ गेली. पाणी आत आदळल्याचा आवाज यायला लागला. एक पूर्ण धुणं एक तास पाच मिनिटांत झालं. मी स्टूल टाकून समोर बसलो होतो. दोन तासांचं काम, आणि त्यासाठी दीड वर्षं.

आई आली. सामान ठेवलं, साडी बदलली आणि सवयीने बाथरूममधून बादली भरून आणायला निघाली. मी म्हणालो, "राहू दे. पंप बसवलाय." ती थांबली. भिंतीच्या फटीकडे तिची नजर गेली. तो तुटका मग तिथे नव्हता. तिला सगळं समजलं.

"का सांगितलं नाहीस?" मी विचारलं. मला वाटलं होतं मी हळू बोललो. आवाज चढलाच होता.

"हे पाय. आता पण ओरडूनच राहिला," ती तिच्या नागपुरी बोलीत म्हणाली. "तो माणूस त्या दिवशी रडून राहिला होता रे, इथं, या स्टूलावर बसून. सांगितलं असतं तर तू त्याची नोकरी घालवली असती."

"मी कोणाची नोकरी घालवू शकत नाही, आई. माझ्या हातात काय आहे? मी नुसतं बोलतो."

"हे त्याला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "मलाही माहीत नव्हतं."

तिसऱ्या दवाखान्यात मी आवाज न चढवता विचारलं. खांदा आता एवढाच राहील, त्यांनी सांगितलं. दुखणं कमी होईल, हात खांद्याच्या वर जाणार नाही. जाताना लिफ्टच्या आरशात आईची मान आणि कापलेले केस मला दिसले, आणि ते का कापले हे तेव्हा कळलं. अंबाडा घालायला दोन्ही हात डोक्याच्या मागे न्यावे लागतात.

पंप अजून चालतो. मशीन बदललं, पंप तोच आहे. वर गच्चीवर तो घुर्र करून सुरू झाला की आई म्हणते, "आलं पाणी." मी तिच्या मागे उभा राहून तिच्या केसांना तेल लावत असतो, कारण तिला ते स्वतःला लावता येत नाही.